कुंभकर्ण जाणूनबुजून का गेला?

इंदूरला दसरा मैदानावर रावण जळताना मी शाळेत असल्यापासून बघतेय, आणि आजूबाजूच्या गावांत बऱ्याच ठिकाणी रावणाच्या शेजारी कुंभकर्ण आणि मेघनादाचेही पुतळे उभे करतात, ते जरा छोटे असतात आणि आधी जळतात. गर्दी मोठ्यासाठी थांबलेली असते. पण मला गेल्या वर्षीपासून त्या शेजारच्या पुतळ्याबद्दलच लिहायचं होतं, कारण गणपतीत आमच्या कॉलनीतल्या मुलांचं मी लंकेवरचं एक छोटं नाटक बसवलं आणि तालमीत एका मुलाने असा प्रश्न विचारला की मला घरी जाऊन पुन्हा युद्धकांड काढून वाचावं लागलं.

तो मुलगा आठवीतला, अंगाने दांडगा, म्हणून त्याला कुंभकर्ण दिलेला. दुसऱ्या तालमीला डायलॉग वाचता वाचता तो थांबला आणि म्हणाला, "मावशी, याला माहितीये ना की भावाचं चुकलंय? स्वतःच बोलतोय इथे. मग लढायला कशाला जाऊन राहिला हा?"

रावणाचं काम करणाऱ्या मुलाला असा एकही प्रश्न पडला नव्हता. त्याला दहा तोंडांचा मुकुट होता, लांब केप होती, सगळ्यात जास्त वाक्यं होती, आणि तो खूश होता. फरक तिथेच आहे असं मला वाटतं. गोष्टीतल्या सगळ्यात मोठ्या खलनायकाला, म्हणजे तो काळोखाचा राजा वगैरे जो कुणी असेल त्याला, काय हवंय हे आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं आणि शेवटपर्यंत तेच राहतं. त्याच्या हाताखालच्या इमानी माणसाचं तसं नसतं, त्याला एक गोष्ट कळत असते आणि तो दुसरीच करत असतो, आणि त्या दोन्हींच्या मधे जी फट पडते तिच्यात प्रेक्षक डोकावत राहतो.

आता कुणी म्हणेल रावण काय साधा आहे का, विद्वान आहे, शिवभक्त आहे, वीणा वाजवतो. बरोबर आहे. पण युद्ध सुरू होण्याच्या आधी त्याचे म्हातारे आजोबा माल्यवान (आईकडचे) त्याला समजवायला येतात, सीता परत दे, तह कर म्हणतात, तेव्हा वाल्मीकीचा रावण काय उत्तर देतो बघा. तो म्हणतो मी मधून मोडून दोन तुकडे होईन पण कुणापुढे वाकणार नाही, हा माझा जन्माचा स्वभावच आहे आणि स्वभाव बदलता येत नाही. आपल्या "मोडेन पण वाकणार नाही" सारखंच अगदी. वाक्य ऐकायला जबरदस्त आहे, टाळी घेतं, पण गोष्टीच्या दृष्टीने बघितलं तर त्याने स्वतःच सांगून टाकलंय की आता माझ्यात काही बदलणार नाहीये. यापुढे त्याच्याकडून एकच अपेक्षा उरते, तो मोडणार कधी. ताणलेली दोरी तुटायची वाट बघतो तसं. त्यात भीती आहे, थाट आहे, पण "आता हा काय करेल" हा प्रश्न उरत नाही.

कुंभकर्णाकडे हा प्रश्न शेवटपर्यंत शिल्लक असतो. म्हणून त्याचंच सविस्तर सांगते.

आपल्याला कुंभकर्ण म्हणजे झोपाळू, खादाड, एवढंच माहीत असतं, घरात उशिरा उठणाऱ्याला आपण तेच नाव ठेवतो. पण ती झोप आली कुठून ही गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती सहसा सांगत नाहीत. उत्तरकांडात वेगळी कथा आहे, सरस्वती जिभेवर बसली आणि त्याने भलतंच मागितलं ती. पण युद्धकांडात विभीषण रामाला जी सांगतो ती अशी की कुंभकर्ण जन्मल्यापासून प्रजा खात सुटला, लोक ब्रह्मदेवाकडे गेले, आणि ब्रह्मदेवाने शाप दिला की तू आजपासून मेल्यासारखा झोपशील. कायमचा. तो तिथेच कोसळला. आणि तेव्हा मधे पडला रावण. तो ब्रह्मदेवाला म्हणाला, वाढवलेलं सोन्याचं झाड ऐन फळाच्या वेळी तोडतात का हो? हा तुमचा पणतू आहे, तुमचा शब्द खोटा व्हायचा नाही हे मान्य, पण याला झोपायची आणि जागायची काहीतरी मुदत तरी द्या. तेव्हा ठरलं की 6 महिने झोप आणि 1 दिवस जाग.

हे वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवून बसले होते थोडा वेळ. म्हणजे कुंभकर्णाच्या वाट्याला जो एकेक दिवस येतो, खाणं, पिणं, उजेड, माणसं, तो प्रत्येक दिवस भावाने मागून आणलेला आहे. त्याची निष्ठा हवेतून आलेली नाही, पगाराची नाही, भीतीची तर नाहीच नाही. तिला एक नेमकं कारण आहे आणि ते कारण आपण हातात धरू शकतो. कुठल्याही गोष्टीतला इमानी सेनापती आवडला की मी आता हेच शोधते, हा त्याचं काय देणं लागतो. आणि ते देणं खरं असायला हवं, मालक वाईट असूनही त्याने याच्यासाठी एकदा काहीतरी खरोखर चांगलं केलेलं असायला हवं, नाहीतर निष्ठा नुसती सांगितलेली वाटते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

आता त्याला उठवतात तो प्रसंग. रावण स्वतः रणात हरून आलेला असतो, रामाने त्याचा मुकुट तोडून त्याला सोडून दिलेलं असतं, जा, दमलायस, विश्रांती घे आणि मग ये, असं म्हणून. मारलं असतं तर बरं इतका हा अपमान. त्यानंतर तो कुंभकर्णाला उठवायला सांगतो. मग ते सगळं येतं जे मुलांना फार आवडतं, मांसाचे डोंगर, शंख, ढोल, केस ओढणं, कानात पाणी ओतणं, आणि शेवटी अंगावरून हत्ती पळवले तेव्हा कुठे त्याला काहीतरी अंगाला लागल्यासारखं वाटलं. आमच्या नाटकात तीन छोट्या मुलांनी बादल्या बडवल्या होत्या आणि एकाने पोहे-जलेबीची प्लेट त्याच्या नाकासमोरून फिरवली, ते आमचं स्वतःचं. हशा चांगला मिळाला.

पण उठल्यावर तो पहिली गोष्ट काय विचारतो, तर राजा बरा आहे ना, मला एवढं मुद्दाम उठवलंत म्हणजे काहीतरी भय आहे. आणि माणसापासून भय आहे असं कळल्यावर म्हणतो की आधी शत्रूला संपवतो मग भावाला भेटतो. तेव्हा महोदर नावाचा रावणाचा माणूस सांगतो की नाही, आधी राजाकडे चल. म्हणजे बघा, हा न विचारताच निघाला होता. जर तो तसाच गेला असता तर ही गोष्ट साधी झाली असती, एक राक्षस उठला, लढला, मेला. तो दरबारात गेला म्हणून ती वेगळी झाली.

दरबारात रावण त्याला सगळं सांगतो आणि कुंभकर्ण हसतो. हसून म्हणतो की मसलतीच्या वेळी जो दोष आम्हाला दिसला होता तोच आता तुझ्या वाट्याला आलाय. मग तो राजनीतीवर चांगलं लांबलचक बोलतो, जो राजा आधी करायचं ते नंतर करतो आणि नंतरचं आधी करतो त्याला नीती-अनीती काही कळत नाही, ज्याला शास्त्र कळत नाही अशा सल्लागारांचं ऐकू नये, वगैरे. सगळ्यांसमोर. धाकटा भाऊ.

रावण चिडतो. आणि चिडून जे बोलतो ते मला पूर्ण रामायणातल्या सगळ्यात हुशार बोलण्यांपैकी एक वाटतं. तो आधी म्हणतो, मोठ्यासारखा, गुरूसारखा मला काय शिकवतोस. मग म्हणतो झालं ते झालं, आता काय करायचं ते बघ, माझं चुकलं असेल तर तुझ्या पराक्रमाने ते भरून काढ, जर तुझी माझ्यावर माया असेल तर. आणि पुढे, जो अडचणीत सापडलेल्याच्या मदतीला धावतो तोच मित्र, आणि वाट चुकलेल्यांच्या मदतीला जो उभा राहतो तोच खरा भाऊ.

इथे रावणाने वाद जिंकलेला नाहीये हे लक्षात घ्या. तो कुठेही म्हणत नाही की तू चुकीचा आहेस, माझं बरोबर आहे. त्याने विषयच बदलून टाकला. बरोबर काय हा प्रश्न होता, त्याच्या जागी भाऊ कोण हा प्रश्न ठेवला. घरात, धंद्यात, पक्षात, सगळीकडे लोकांना असंच ओढलं जातं, ज्याला मुद्द्याने पटवता येत नाही त्याला नात्याने बांधायचं. आणि कुंभकर्णाला हे कळतं. वाल्मीकी लिहितात की भाऊ संतापलाय, हललाय, हे ओळखून तो हळू आवाजात त्याची समजूत काढायला लागला, की पुरे आता, दुःख करू नको, मी भाऊ म्हणून मायेने बोललो, कुठल्याही अवस्थेत तुझ्या हिताचं बोलणं माझं काम आहे, आणि आता अशा वेळी भावाने जे करायचं असतं ते मी करतो, तू फक्त बघ.

त्याने आपलं मत मागे घेतलं नाही. मत तसंच ठेवून तो निघाला. मुलाला मी हेच सांगितलं, की जाताना तुझा चेहरा पटलेल्या माणसाचा नकोय.

हे अजून नीट दिसतं ते शेजारी महोदर उभा आहे म्हणून. कुंभकर्ण एकटा जातो म्हणाल्यावर महोदर त्याच्यावर तोंडसुख घेतो आणि रावणाला एक युक्ती सांगतो, की आम्ही काही जण जाऊन थोडं लढून येतो, मग राम मेला अशी आवई उठवायची, नगरात दवंडी पिटायची, म्हणजे सीता खचेल आणि तुमच्या ताब्यात येईल, लढायचीही गरज नाही. महोदर पण रावणाशी एकनिष्ठ आहे, शेवटपर्यंत. पण त्याच्याबद्दल आपल्याला काही वाटत नाही, कारण तो मालकाला जे ऐकायचंय ते आणून देतो, त्याचं स्वतःचं असं त्यात काहीच पणाला लागत नाही. कुंभकर्ण त्याला तिथल्या तिथे सुनावतो, तुमच्यासारख्या होयबांनी राजाचं वाटोळं केलं, लंकेत आता राजा तेवढा उरलाय, खजिना संपला, सैन्य मेलं. आणि एवढा हिशोब तोंडाने मांडून तो शूळ उचलतो. हरत आलेल्या बाजूचा ताळेबंद त्याच्याइतका स्पष्ट त्या दरबारात कुणीच मांडलेला नाही, आणि रणात जाणारा तोच.

म्हणून नुसती निष्ठा असली की पात्र रंगतं असं मला वाटत नाही. "नाही" म्हणण्याइतकं डोकं हवं, ते म्हणण्याइतकं धैर्य हवं, आणि म्हणून झाल्यावरही न सुटणारं काहीतरी हवं.

मारीच बघा, त्याच्याकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या. रामाच्या बाणाने तो एकदा 100 योजनं लांब समुद्रात जाऊन पडलेला, तेव्हापासून त्याला झाडाझाडात राम दिसतो, "र" पासून सुरू होणारे शब्द, रत्न, रथ, ऐकले तरी तो दचकतो. रावण सोन्याच्या हरणाची योजना घेऊन येतो तेव्हा तो त्याला तोंडावर सांगतो की गोड बोलणारे ढिगाने मिळतात, कडू पण हिताचं बोलणारा आणि ते ऐकणारा दोघंही दुर्मिळ. रावण म्हणतो नाही आलास तर मी आत्ता मारतो. मग मारीच हिशोब करतो की मरायचंच आहे तर रामाच्या हातून मरू, आणि जातो. मला मारीच फार आवडतो, पण त्याला धमकी देऊन नेलंय. त्याची कीव येते. कुंभकर्णाला कुणी धमकी दिली नव्हती, आणि तो म्हणाला असता मी येत नाही तर लंकेत त्याला जबरदस्ती करू शकेल असं होतं कोण? दार उघडं होतं. विभीषण त्याच दारातून निघून गेला होता.

विभीषणाचं आलं म्हणून तुलसीदासांचं सांगायला हवं, कारण आमच्याकडे माळव्यात वाल्मीकीपेक्षा मानसच कानावर जास्त पडतं, मराठी घरांत सुद्धा. मानसमधे रणात जाताना कुंभकर्णाला विभीषण भेटतो, पाया पडतो, सांगतो की मला दादाने लाथ मारली म्हणून मी रामाकडे गेलो. आणि कुंभकर्ण त्याला शिव्या देत नाही, धन्य आहेस म्हणतो, तू राक्षसकुळाचं भूषण झालास म्हणतो. आणि मग म्हणतो आता समोरून जा, मी काळाच्या हाती गेलोय, मला आता आपलं परकं सुचत नाहीये. शत्रूच्या बाजूला गेलेल्या भावाला हा आशीर्वाद देतो आणि स्वतः मात्र उलट्या दिशेने चालत जातो. दोन्ही रस्ते त्याला दिसतायत आणि दुसरा चांगला आहे हेही तो मोकळ्या मनाने बोलून दाखवतोय. रावणाला असा प्रसंग देताच येत नाही, कारण त्याच्यासाठी दुसरा रस्ताच नाहीये.

आता नाटक बसवताना माझं काय चुकलं ते सांगते, कारण असं पात्र लिहिताना या दोन्ही चुका सहज होतात. आमच्याकडे एकूण 40 मिनिटं होती, म्हणून पहिल्या खर्ड्यात मी दरबारचा प्रसंगच उडवला, उठला, खाल्लं, गदा घेतली, गेला. वाचून बघितलं तर त्यात कुणी माणूसच नव्हता, विनोदी पैलवान होता. याची खूण अशी की त्याच्या जागी दुसरा कुठलाही राक्षस ठेवला असता तरी एक वाक्य बदलावं लागलं नसतं.

मग मी उलट्या टोकाला गेले. दुसऱ्या खर्ड्यात कुंभकर्ण रडतो, सीतेची मनातल्या मनात माफी मागतो, लढताना मुद्दाम कुणाला मारत नाही. वाचताना माझेच डोळे भरून आले, मला वाटलं जमलं. पण तालमीत ते सपक झालं आणि कारण मला दोन दिवस कळेना. मूळात बघितलं तर कुंभकर्ण रणात वानरांना मुठीने उचलून तोंडात टाकतोय, सुग्रीवाला बगलेत मारून लंकेकडे घेऊन निघतो, तोही त्याचे कान ओरबाडून आणि नाक चावून सुटतो म्हणून वाचतो. आणि त्याआधीच्या सभेतही, रावणाला आधी न विचारता केलंस म्हणून झापल्यावर, कुंभकर्णच म्हणतो की मी तुझे शत्रू मारून टाकतो, तू मजा कर. सीतेचं काय होतंय याची त्याला काळजी नाही. त्याचा आक्षेप हा आहे की राजाने चुकीच्या क्रमाने काम केलं. हे मी पुसून टाकलं होतं, मी त्याला आतून सज्जन करून टाकलं होतं, आणि आतून सज्जन माणसाची फट बुजते, मग तो फक्त दुर्दैवी उरतो. त्याचं चुकलेलं तसंच राहू द्यायला हवं, ते राहिलं तरच त्याची माया आपल्याला टोचते. तिसऱ्या खर्ड्यात मी माफी काढली, वानर खाणं परत आणलं (उशा होत्या, पिवळ्या खोळीच्या), आणि दरबाराला पूर्ण 9 मिनिटं दिली.

त्या 9 मिनिटांत शेवटी एक गोष्ट अशी झाली जी मी लिहिली नव्हती. वाल्मीकीत कुंभकर्ण निघताना रावण सिंहासनावरून उठतो आणि स्वतःच्या हाताने त्याला दागिने घालतो, सोन्याची साखळी, बाजूबंद, अंगठ्या, हार, कुंडलं, सगळं एकेक करून. आमच्याकडे फक्त एक झेंडूचा हार होता. रावणाचं काम करणारा मुलगा सहावीतला, उंचीने कमी, आणि कुंभकर्ण त्याच्यापेक्षा चांगला वीतभर उंच, आणि त्यात त्या दहा तोंडांच्या मुकुटामुळे रावणाला मान वर करता येईना. तालमीत आम्ही तो हार नुसता हातात देत होतो. प्रत्यक्ष नाटकात रावणाने हार वर उचलला आणि तो गळ्यापर्यंत पोचेना, आणि कुंभकर्ण, ज्याने आत्ताच भर दरबारात त्याला तू चुकलास म्हणून सांगितलं होतं, तो गुडघ्यावर बसला आणि डोकं खाली केलं. रावणाने हार घातला. मुकुटाचं एक तोंड त्याच्या कपाळाला लागलं, त्याने हाताने ते हळूच सरळ केलं, भावाचं, आणि उठून विंगेकडे गेला.

समोरच्या खुर्च्यांवर कॉलनीतल्या आज्या बसल्या होत्या, त्यातली एक मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, नको रे जाऊस."

त्यानंतर त्याला एकही वाक्य नव्हतं. वाल्मीकीत पुढे राम त्याचे हात तोडतो, पाय तोडतो, मग डोकं, आणि ते डोकं लंकेतच जाऊन पडतं, घरं पाडत. बातमी ऐकून रावण बेशुद्ध होतो आणि शुद्धीवर आल्यावर म्हणतो माझा उजवा हात गळून पडला, आता राज्य काय करायचंय, सीता काय करायचीये. विभीषणाचं ऐकलं नाही त्याचं हे फळ, असंही पहिल्यांदाच म्हणतो. त्या सहावीतल्या मुलाला हे शेवटचं वाक्य मी तालमीत किती वेळा सांगूनही जमत नव्हतं, तो ओरडायचाच. त्या दिवशी त्याने ते विंगेकडे बघत, हळू म्हटलं.